अपलोड होईना म्हणून Android फोल्डर उडवायला निघालेल्यांसाठी

"*सर्वांना कळवा* फोटो, कागदपत्रं अपलोड होत नसतील तर समजा फोनमध्ये व्हायरस शिरला. १) क्लीनर अ‍ॅप टाका २) फाईल मॅनेजरमधला Android फोल्डर डिलीट करा, त्यात फक्त कचरा असतो ३) मागची सगळी अ‍ॅप बंद करा, जागा मोकळी होते ४) तरीही नाही झालं तर फोन बदला."

हा मेसेज फिरत फिरत कसबा बावड्यात आमच्या आत्यापर्यंत पोचला. तिला मेडिक्लेमसाठी बिलाचा फोटो चढवायचा होता, चार वेळा फेल झालेला. मी घरी टेकलो तेव्हा बाईसाहेब त्या फोल्डरवर बोट दाबून बसलेल्या, डिलीट म्हणायचं तेवढं राहिलेलं. "आरं, कचराच हाय म्हणं त्यात." आत्या, थांब!

त्या फोल्डरच्या पोटात Android/media नावाचा भाग असतो आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा सगळा संसार, म्हणजे आलेले फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज आणि फोन रोज रात्री चॅटचा जो बॅकअप काढून ठेवतो तोसुद्धा. फोल्डर उडवला की लगेच काही कळत नाही, कारण चॅटमधला मजकूर दुसरीकडे असतो, तो तसाच दिसतो. पण जुना फोटो उघडायला गेलं की तो धूसर, फाईल फोनमध्ये नाही म्हणून सांगतो. मग माणूस घाबरून अ‍ॅप काढून परत टाकतो आणि गूगलवर बॅकअप नसेल तर मजकूरही गेला, कारण फोनमधला बॅकअप आपणच आधी उडवलेला. आत्याच्या फोनात मामांचे शेवटचे व्हॉइस मेसेज आहेत. हे लिहिणाऱ्याला कोण विचारणार?

आता व्हायरस. काही व्हायरस नव्हता, ३२ जीबीचा फोन, त्यात मोकळी जागा १८० एमबी. लोकांना वाटतं फोटो तर फोनातून बाहेर जाणार, मग जागा कशाला लागते? पण फॉर्ममधनं कॅमेरा उघडून फोटो काढला तर तो आधी फोनात सेव्ह व्हावा लागतो, आणि बरीच अ‍ॅप पाठवायच्या आधी त्याची लहान केलेली एक प्रत काढतात, तीही फोनातच. झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागदच नसेल तर दुकानदार काय देणार? गूगलचं अँड्रॉइडचं मदतपान सरळ सांगतं, दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की फोन त्रास द्यायला लागू शकतो. म्हणजे आत्याच्या फोनला तीन जीबीच्या वर मोकळं पाहिजे.

जागेचाच घोळ आहे का हे बघायचं तर तेच बिल त्याच वायफायवर दुसऱ्या फोनवरून चढवून बघा. तिथं गेलं आणि इथं कॅमेराही फोटो सेव्ह करायला कुरकुरतोय, तर जागाच. निम्म्यावर जाऊन अडकत असेल तर बहुतेक नेट, आणि फाईल मोठी आहे म्हणून सांगत असेल तर ती साईटची मर्यादा, तिथं फोटो कापून लहान करा.

आम्ही काय केलं? आधी गूगल फोटोजची कचरापेटी रिकामी केली, कारण आत्यानं महिनाभर जे डिलीट केलं ते सगळं तिथंच पडून होतं, ७०० एमबी. डिलीट केलं की जागा झाली हा समज चुकीचा, पेटीत तीस ते साठ दिवस राहतं. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये Storage and data, तिथं Manage storage. पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली एकत्र दिसतात, त्यातले सकाळच्या शुभेच्छांचे आणि बातम्यांचे व्हिडिओ बघून बघून उडवले, अडीच जीबी. शेवटी ब्राउझर आणि दोनतीन अ‍ॅपची कॅशे, म्हणजे अ‍ॅपनं तात्पुरत्या साठवलेल्या फायली. इथं एक जपा, Clear cache दाबायचं, शेजारचं Clear storage नाही, त्यानं अ‍ॅपमधला सगळा डेटाच जातो. सगळं धरून चार जीबीच्या आसपास मोकळं झालं, बिल पहिल्या दणक्यात गेलं.

बाकीचे मुद्दे? मागची अ‍ॅप बंद केल्यानं रॅम, म्हणजे अ‍ॅप चालताना लागणारी मेमरी मोकळी होते, फायली ठेवायचं स्टोरेज नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी. क्लीनर अ‍ॅप, ज्या फोनात जागा नाही त्यात आणखी एक अ‍ॅप, वर जाहिराती. कॅशे साफ करतं एवढं खरं, पण ते फोनच्या सेटिंगमधनं फुकट होतंय की.

चौथ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. अँड्रॉइड इतकं जुनं की अ‍ॅपच अपडेट होईना, तर कितीही जागा काढा, काही उपयोग नाही. आत्याच्या फोनचं तसं नव्हतं. फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं मीडिया ऑटो डाउनलोड चालू होतं, ते बंद करून आलो, नाहीतर पुढच्या महिन्यात परत तेच.