शिफारसपत्रातली बाई

माझ्या शिफारसपत्रात पहिल्या परिच्छेदात मी पुरुष आहे आणि दुसऱ्यापासून बाई. मी सहा महिने भोसरीच्या कंपनीत, चाचणी विभागात तापमान मोजत होतो. पत्रातली बाई गिअरबॉक्स डिझाइन करते आणि माझ्यापेक्षा बरीच हुशार दिसते. तिथल्या सरांनी आधीच्या कुठल्या तरी मुलीचं पत्र उघडलं, वर माझं नाव टाकलं, आणि तेवढ्यात चहा आला असणार. पीडीएफसोबत "बघ रे, जमतंय का" एवढंच. बरं, "सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल" ही तीन विशेषणं मात्र दोघांना सारखीच लागू.

म्हणून भोसरीला गेलो. गेटवर काकांनी रजिस्टर पुढे केलं. 'काम' या रकान्यात मी 'वैयक्तिक' लिहिलं. काकांनी पेन काढूनच घेतलं.

"वैयक्तिक म्हंजे? उधारी? का लग्नाची पत्रिका?"

"शिफारसपत्र, काका."

"मंग तसं लिवा की. कशासाठी?"

"अमेरिकेत एमएस करायचंय."

"कधीपत्तुर पायजे?"

"15 डिसेंबर."

"सायबांना तारीक सांगितली?"

"व्हॉट्सॲपवर सांगितलीय."

"सायेब व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दावतात. मेल टाका, सकाळी आल्या आल्या तेवढं वाचतात." मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमी जानेवारीत आलावता न्हवं? काळं हेल्मेट. जूनला गेला. कंप्रेसर किती वाजता चालू झाला म्हणून रोज माझं डोकं खायचा."

सहा महिने ज्यांच्या शेजारी बसलो त्या सरांनी फोनवर "तू म्हणजे बिनसाखरेचा चहा पिणारा ना?" असं विचारलं होतं. आणि इथे हेल्मेटच्या रंगासकट हजेरी! पुण्यात कोणी काही विसरत नाही म्हणतात. वीस वर्षांपूर्वी दारात लावलेली स्कूटर आमच्या शेजारच्या आजोबांना नंबरासकट आठवते. विसरायला यांना नेमका मीच सापडतो.

आणि तो कंप्रेसर हेच तर माझं सगळं भांडवल. आमच्या थर्मोकपलचं रीडिंग मधूनच उसळी मारायचं. सर म्हणाले, सेन्सर खराब आहे, बदल. बदलला, तरी तेच. मग मी उसळ्यांच्या वेळा लिहून ठेवल्या आणि काकांना कंप्रेसरच्या वेळा विचारल्या. कंप्रेसर सुरू होताना काका गेटवर नोंद करतात. दोन्ही जुळल्या. वायरीच्या शील्डला दोन्ही टोकांना अर्थिंग केलेलं होतं, त्यामुळे शील्डमधूनच करंट फिरत होता आणि मोटर सुरू झाली की गोंगाट थेट रीडिंगमध्ये उतरत होता. एका टोकाचं अर्थिंग काढलं आणि आलेख शांत झाला. सर शेजारीच उभे होते. "अरे वा" म्हणाले होते.

पत्रात पाहिजे ते हे. माझे मार्क मार्कलिस्टवर दिसतात, वक्तशीरपणा तर गावातल्या प्रत्येक अर्जदाराकडे असतो. पण सेन्सर बदलूनही भागलं नाही तेव्हा या मुलाने काय केलं, हे त्या जागी उभ्या असलेल्या माणसाशिवाय कोण लिहिणार? आणि त्याच माणसाला ते आठवत नाही!

सर मीटिंगमध्ये होते, म्हणजे भेटले नाहीत. घरी येऊन काकांच्या आज्ञेप्रमाणे मेल टाकला. वरच जानेवारी ते जून, विभाग, प्रोजेक्टचं नाव. मग कंप्रेसरचा किस्सा चार ओळींत, त्यांच्या "अरे वा"सकट. ग्राहकाच्या पार्टचं नाव पत्रात चालेल की नुसतं "एक पार्ट" म्हणायचं, हेही विचारलं. तो निर्णय त्यांचा, मी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे. मग विद्यापीठ, कोर्स, शेवटची तारीख. पत्र माझ्याकडे द्यायचं नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवरून लिंक येईल, ती कधीकधी स्पॅममध्ये जाते, तिथेही बघा. मी तुमचा ऑफिसचाच ईमेल दिलाय, कारण जीमेलवरून कोण बोलतंय याची विद्यापीठाला खात्री पटत नाही. लिंक उघडली की पत्राआधी बहुधा एक तक्ता भरायला लागतो: हा मुलगा वरच्या 5 टक्क्यांत की 10? तिथे कृपया माझाच विचार करावा, त्या बाईंचा नको.

यावर सरांचा फोन. "एवढं लिहिलंयस तर पत्रच लिहून पाठव ना, मी सही करतो." सगळे असंच करतात म्हणे. पण बऱ्याच विद्यापीठांना ते चालत नाही, आणि माझा निबंध नि सरांचं पत्र एकाच हातचं निघालं तर वाचणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. माहिती माझी, वाक्यं तुमची, असं मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. खरं तर ओरडावंसं वाटत होतं. सहा महिने फुकट राबलो, तेव्हा रिपोर्ट मीच लिहायचो, सही यांची असायची. आता एक पान यांनी लिहायचं तर तेही मीच?

काल लिंक गेली. सरांना मेसेज केला, "सर, लिंक आली का?" अंगठा आला. लिंक आली, पत्र गेलं, की नुसता मेसेज वाचला, देव जाणे. पोर्टलवर पेंडिंगच दिसतंय. आता सकाळी मेल टाकतो.