हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, मग माउथवॉश बंद का करायचं?

"मॅडम, क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश रोज जास्त दिवस वापरू नका, हा तुमचा लेख वाचला पण पटला नाही. मला माझ्या डेंटिस्टनेच ते लिहून दिलं होतं, आठ महिने झाले मी रोज दोन वेळा वापरतोय आणि हिरड्यांतून येणारं रक्त पूर्ण थांबलंय. दात थोडे तपकिरी झालेत पण ते चहाने, नाशिकरोडला आमच्या दुकानात दिवसाला सहा कप होतात. मेडिकलमध्ये चिठ्ठी न दाखवता मिळतं म्हणजे काय विष असेल का? तुम्ही लोक क्लिनिंगच्या पैशांसाठी घाबरवता असं वाटतं."

दादा, बरं झालं मोकळेपणाने लिहिलंत. आधी एक सांगते, तुमच्या डेंटिस्टने औषध चुकीचं दिलेलं नाही. हे औषध खरंच जोरदार आहे. 1970 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही जणांचं ब्रश करणं बंद करून त्यांना फक्त 0.2 टक्क्याच्या क्लोरहेक्सिडिनने, 10 मिली, दिवसातून दोनदा चूळ भरायला लावली, तर ब्रश नसतानाही दातांवर थर जमला नाही. म्हणजे तुमचं रक्त थांबलं यात नवल काहीच नाही. पण ते का थांबलं हे बघा.

हिरडीच्या कडेला रोज जो पांढरा चिकट थर जमतो त्याने हिरडी सुजते आणि ब्रश लागला की रक्त येतं. औषधाने तो नवा थर जमू देणं थांबवलं, सूज उतरली, रक्त बंद. पण हिरडीच्या आत, दात आणि हिरडीच्या फटीत, जे जुनं कडक कीटण बसलेलं असतं तिथे चूळ पोचतच नाही, आणि पोचली तरी कीटण काही विरघळत नाही. वरून हिरडी गुलाबी, आत आजार तसाच. रक्त येणं ही एक खूण होती, ती तुमच्यापासून लपली, म्हणून मला काळजी वाटते. शिवाय हे माउथवॉश जास्त दिवस वापरलं की हिरडीच्या वरच्या बाजूला कीटण उलट जास्त जमतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आता डागांचं. चहाचा हात आहेच, पण एकट्या चहाचा नाही. क्लोरहेक्सिडिनचे कण दाताला आणि जिभेला चिकटून बसतात, तासन् तास सुटत नाहीत, त्याचा गुण तोच आणि दोषही तोच. चहा, कॉफी, रेड वाइन यातले रंगद्रव्याचे कण येऊन त्याच चिकटलेल्या कणांना धरतात आणि तपकिरी थर बसतो. ओळखायचं कसं? सहा कप चहा तुम्ही वर्षानुवर्षं पीत असाल, तेव्हा दात असे नव्हते ना? उजेडात आरशासमोर जीभ बाहेर काढून बघा, जिभेच्या मागच्या भागावरही तपकिरी झाक असेल, आणि पुढच्या दातांमध्ये दाताच्या रंगाचं फिलिंग असेल तर त्याच्या कडेने बारीक रेघ दिसेल. दातांवरचा डाग पॉलिशिंगने निघतो, पण फिलिंग खडबडीत झालं असेल तर त्यातला रंग कधीकधी जात नाही आणि मग फिलिंगच बदलावं लागतं.

एक पेशंट सांगते, म्हणजे मी रोजच्या वापरावर एवढं का लिहिते ते कळेल. पंचवटीत मिसळीचा छोटा व्यवसाय असलेल्या एक काकू, दाढ काढली तेव्हा त्यांना सात दिवसांसाठी हे माउथवॉश दिलेलं, पण तोंड छान फ्रेश वाटतं म्हणून त्या दर वेळी मेडिकलमधून नवी बाटली आणत राहिल्या, तीन महिने. माझ्याकडे आल्या त्या पुढचे दात काळे पडले म्हणून. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला नखाएवढा तपकिरी थर होता, त्याखाली कीटण, दात आणि हिरडीची फट प्रोब नावाच्या बारीक सळईने मोजली तर दोन दाढांपाशी 6 मिमी खोली, आणि रक्त मात्र नावालाही नाही. बोलता बोलता त्या म्हणाल्या, हल्ली गिऱ्हाईकं रस्सा खारट म्हणून परत करतात आणि मला तर तो अळणीच लागतो. मी विचारलं, हे कधीपासून? तर हिशेब बरोबर तीन महिन्यांचा निघाला. क्लोरहेक्सिडिनने चव बदलते आणि त्यात खारट चव जास्त मंदावते. काकू रोज मिठाचा अंदाज जिभेवर घेत होत्या आणि जीभच खोटं सांगत होती. माउथवॉश बंद केलं, दातांची सफाई आणि पॉलिशिंग केलं, हिरडीच्या आतलं कीटण दोन बैठकांत काढलं. दोनेक आठवड्यांत त्या स्वतःच म्हणाल्या की मिठाचा हात पूर्वीसारखा झाला.

मग वापरायचं कसं, तर साधारण असं. 0.2 टक्क्याचं असेल तर 10 मिली, एक मिनिट तोंडात सगळीकडे फिरवायचं, सकाळ-रात्र, आणि थुंकायचं, गिळायचं नाही. पाणी मिसळायचं की नाही ते बाटलीवर आणि चिठ्ठीवर जे असेल तसं. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने औषध निकामी होतं, म्हणून ब्रश केल्यावर तोंड नीट धुवून निदान अर्धा तास थांबायचं. माउथवॉशनंतर लगेच पाण्याने चूळ नको, आणि तासभर चहा तर नकोच. दाढ काढली असेल तर पहिले 24 तास कुठलीच चूळ नको, रक्ताची गाठ सुटते. किती दिवस? दाढ किंवा ऑपरेशननंतर साधारण एक ते दोन आठवडे, हिरड्या सुजल्या असतील तर डॉक्टर सांगतील तेवढे, फार तर महिना, आणि तेही आतलं कीटण काढण्यासोबत. साधा हिशेब करा, 150 मिलीची बाटली, दिवसाला 20 मिली, म्हणजे साडेसात दिवस. दाढ किंवा ऑपरेशननंतरच्या कोर्सला एक बाटली, फार तर दोन. तुमच्या आठ महिन्यांत तीसेक झाल्या असतील.

जास्त दिवस लागणारेही पेशंट असतात, जबडा फ्रॅक्चर होऊन दात तारेने बांधलेले, किंवा ज्यांच्या हाताने ब्रशच होत नाही असे, पण तिथे डॉक्टर मधे मधे तपासत असतात. आणि चिठ्ठीशिवाय मिळतं याचं उत्तर एवढंच की पेनकिलरही मिळतात, म्हणून आपण आठ महिने रोज खात नाही ना. चूक आमचीही आहे, चिठ्ठीवर दिवस लिहितो पण तोंडाने सांगत नाही की बाटली संपली की थांबा.

आता तुम्ही बाटली ठेवून द्या, मऊ ब्रशने दोन वेळा हिरडीच्या कडेने ब्रश करा. दोन-तीन आठवड्यांत रक्त परत आलं तर समजा की आत काहीतरी शिल्लक आहे, आणि नाही आलं तरी एकदा दात आणि हिरडीच्या फटीची, म्हणजे पॉकेटची, खोली मोजून घ्या, कारण काकूंचंही रक्त येत नव्हतं. माझ्याकडेच या असं मी म्हणत नाही, ज्यांनी औषध लिहून दिलं त्यांच्याकडेच जा, किंवा पैशांची शंका असेल तर पंचवटीतल्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा. गेल्यावर एवढंच म्हणा, "सगळ्या दातांची पॉकेट मोजून आकडे लिहून द्या." आकडे कळले की इथे टाका, आपण बोलू.