मिठागराच्या उत्तरात कपडे कुठून आले?

नववीच्या विज्ञानाच्या युनिट टेस्टचे पेपर तपासून नुकतेच संपवले. एका प्रश्नाने चार रात्री घेतल्या, त्याबद्दल लिहिते आहे.

प्रश्न तीन मार्कांचा होता: मिठागराचे वाफे उथळ आणि पसरट का करतात? आमची इंग्रजी माध्यमाची शाळा गोव्यातल्या पेडण्यात. आगरवाड्याची मिठागरं वर्गातल्या निम्म्या मुलांनी येता-जाता पाहिली आहेत. तरी बऱ्याच पेपरांत पुस्तकातला बाष्पीभवनाचा अख्खा परिच्छेद उतरला होता: पृष्ठभाग, तापमान, हवेतली आर्द्रता, वारा, सगळं ओळीने. आणि त्यातच ‘म्हणून आपण कपडे पसरून वाळत घालतो’. पुस्तकात ते उदाहरण आहेच. पण मिठागराच्या उत्तरात कपडे आले की समजावं, मुलाने परिच्छेद आठवला, प्रश्न वाचला नाही.

मी तीन मार्क असे फोडले होते. वाफा पसरट केल्याने पाण्याचा पृष्ठभाग वाढतो हे ओळखलं की एक. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होतं, म्हणून तेवढंच पाणी लवकर उडतं, हा दुवा जोडला की दुसरा. आणि ते या वाफ्याला लावून दाखवलं, ऊन, वारा किंवा खोली यांपैकी कशाशीही, की तिसरा. परिच्छेद उतरवणाऱ्यांना मी एक मार्क दिला. योग्य वाक्य त्यात आहे, ते नाकारता येत नाही. पण चारही घटक लिहिल्यावर निवड कुठे केली?

एका मुलाने मात्र मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डाउन वॉटर नो मीट विंड, सो मेक पॅन बिग नॉट डीप’. स्पेलिंग चुकलेली, व्याकरण नाही. त्याला मी तीन दिले. खालच्या पाण्याला वारा भेटत नाही, म्हणून वाफा खोल नको, मोठा हवा. तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

पेपर वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई आली. ‘टीचर, तिनं पुस्तकातलंच लिहिलंय, एक शब्द चुकला नाही. मग मार्क कापले कशाला?’ तिचा राग मला रास्त वाटला. गेल्या वर्षी मीच ‘बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक लिहा’ असं विचारलं होतं आणि याच परिच्छेदाला पूर्ण मार्क दिले होते. आठवलेलंच मागितलं, तर आठवलेलं लिहिल्याबद्दल मार्क कापायचा मला हक्क नाही.

मुलीला बोलावून कोकणीत विचारलं, वाफो उथळ केल्यार कितें जातलें? ती लगेच म्हणाली, ‘उदक पातळ पसरलां न्ही टीचर, वारें सगळ्याक लागता.’ तिला सगळं कळलं होतं! चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. आमच्याकडची कितीतरी मुलं याच वाटेने येतात. स्वतःचं इंग्रजी वाक्य चुकेल या भीतीने ती पुस्तकाचं वाक्य धरून ठेवतात. आपण त्याला आळस म्हणतो, आणि हे मला फार लागतं.

पण फक्त तिचे मार्क वाढवले असते तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता. म्हणून एक मार्क मिळालेल्या प्रत्येकाला मी एकच तोंडी प्रश्न विचारला, मराठी, कोकणी, इंग्रजी, हव्या त्या भाषेत. जास्तीत जास्त दोन मार्क. काहींना दोन मिळाले, काहींना काहीच नाही, कारण त्यांना खरंच कळलं नव्हतं. लेखी उत्तरावरून हे दोन गट मला वेगळे करता आले नसते.

पुढच्या टेस्टला प्रश्नच बदलणार आहे. दोन वाफे, दोन्हींत हजार लिटर पाणी. एक दहा चौरस मीटरचा, १० सेंटीमीटर खोल. दुसरा दोन चौरस मीटरचा, ५० सेंटीमीटर खोल. दोन्हींत पातळी दिवसाला ५ मिलिमीटर उतरते असं धरा. कुठला आधी सुकेल, किती दिवसांत, आणि का? पहिल्यातून रोज ५० लिटर उडतं, दुसऱ्यातून १०. म्हणजे २० दिवस आणि १०० दिवस. खरं मिठागर इतकं सरळ नसतं. पाणी खारट होत जातं तसं बाष्पीभवन मंदावतं, आणि उथळ पाणी लवकर तापतं. कुणी मूल हे लिहील तर तेही ग्राह्य धरीन. पण इथे परिच्छेद उतरवून उत्तर निघणार नाही.

तपासताना नाव झाकते. आधी सगळ्यांचा हाच एक प्रश्न, मग पुढचा. शेवटी पहिले पाच पेपर परत वाचते, कारण सुरुवातीला माझा हात आखडता असतो.

बोर्डाच्या परीक्षेत तोंडी विचारायला कुणी येणार नाही, हे मुलांना सांगितलं आहे. म्हणून आता वर्गात सवय लावते आहे: पुस्तकातलं एकच लागू पडणारं वाक्य लिहा, आणि पुढचं वाक्य ‘या वाफ्यात’ असं सुरू करा. त्या मुलीने काल वहीत तसं लिहून आणलं. इंग्रजीत दोन चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या, मार्क कापला नाही.