कामांच्या यादीत नुसतं "मशीन साफ करणे" असं लिहून काय उपयोग!

दादरला आमचा छोटासा कॅफे आहे. गेल्या पावसाळ्यात एका नवीन मुलाने पहिल्यांदा एकट्याने क्लोजिंग केलं, आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कला चालून आलेल्या काकांनी ब्लॅक कॉफीचा एक घोट घेतला आणि म्हणाले, अरे साबण घातलायस का यात? मी चाखली तर खरंच साबण.

मुलाला विचारलं तर म्हणे "दादा, साफ केली की मी." आणि केलीच होती. एस्प्रेसो मशीन साफ करायची पावडर टाकून धुतली होती, फक्त नंतर साध्या पाण्याने धुवायची राहिली. मी कागदावर "मशीन साफ करणे" एवढंच लिहिलेलं, त्याने प्रामाणिकपणे टिक केली, मग ओरडू कोणावर?

आता तीच ओळ अशी आहे: कॉफी भरायच्या हँडलमध्ये बिनभोकाची जाळी बसव, पावडर डब्यावर लिहिली आहे तेवढीच टाक, हँडल मशीनला लाव. बटण १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं ५ वेळा. मग जाळी धुवून पावडर न टाकता परत ५ वेळा. शेवटी हँडल काढून पाणी काचेच्या ग्लासात धर, फेस दिसला तर अजून ५ वेळा. (हे आमच्यासारख्या, उरलेलं प्रेशर खालच्या ट्रेमध्ये सोडणाऱ्या मशीनचं झालं, तुमची वेगळी असेल तर आधी मेकॅनिकला विचारा.)

आईला वाचायला दिलं, तिने कधी मशीनला हात लावलेला नाही. ती म्हणाली, बिनभोकाची जाळी म्हणजे कुठली रे? म्हणून आता ती खिळ्याला टांगलेली असते आणि खिळ्यावर लाल टेप.

ओपनिंगची पहिली ओळ म्हणजे मशीन ऑन, हँडल लावून ठेव. कारण दिवा लवकर लागतो पण हँडल आतपर्यंत तापायला आमच्याकडे अर्धा तास जातो, तेवढ्यात बाकीची कामं होतात. आणि गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी एक शॉट काढून, वास घेऊन, सिंकमध्ये ओत. म्हणजे रात्रीवाल्याचं काही राहिलं तर सकाळवाल्याला कळतं.

दुधाच्या फ्रीजपुढे मात्र टिक बंदच केली. टिक काय, लोक आठवड्याच्या एकदम मारून ठेवतात! आता आतल्या थर्मामीटरचा आकडा लिहायचा, आणि ५ च्या वर असेल तर दूध वापरायचं नाही, मला फोन करायचा, हे त्याच ओळीत लिहिलंय, नाहीतर नवीन माणूस ९ लिहून निवांत कॉफी बनवत बसेल. महिन्याभरात एका सकाळी खरंच ९ आला. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं, दार नीट लागतच नव्हतं. त्या दिवशीचं सगळं दूध ओतून दिलं, जीवावर आलं पण दिलं. फोन करणारा तोच, साबणवाला.