ऐकेल तर तो रोबो कसला

रिमोटच्या रिसीव्हरची अशी ठाम समजूत असते की, आपल्या तारेच्या दुसऱ्या टोकाला सर्वो मोटरच बसलेली आहे. तिथे एखादा मायक्रोकंट्रोलर कान टवकारून बसला असेल, ही शक्यता त्याच्या गावीही नसते. त्यामुळे गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत पाण्याची बादली वाहून नेणारी, स्वतः जुळवलेली चारचाकी गाडी छंदी विमानवाल्यांच्या रिमोटवर चालवायची असे मी ठरवले, तेव्हा मोटरी, चाके आणि बॅटरी निमूटपणे कामाला लागल्या. रुसवेफुगवे सुरू झाले ते रिसीव्हर आणि ईएसपी३२ हा माझा मायक्रोकंट्रोलर यांच्यात. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि गाडी जागची हलत नव्हती.

रिसीव्हरची जुनी बोली म्हणजे पीडब्ल्यूएम. प्रत्येक चॅनेलला, म्हणजे रिमोटवरच्या प्रत्येक स्टिकच्या किंवा बटणाच्या हुकुमाला, एक तार, आणि त्या तारेवर साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स. तिची रुंदी सुमारे १००० मायक्रोसेकंद असेल तर स्टिक एका टोकाला, २००० असेल तर दुसऱ्या टोकाला आणि १५०० असेल तर मध्यावर. ती मोजण्यासाठी आर्डुइनोमध्ये `pulseIn` नावाचे तयार फंक्शन मिळते आणि नवशिक्यांसाठीचे बहुतेक धडे तिथेच कृतकृत्य होतात. परंतु हे फंक्शन पल्स येऊन संपेपर्यंत हातातले सगळे काम टाकून दाराशी उभे राहते. एका चॅनेलसाठी २० मिलिसेकंदांपर्यंत खोळंबा म्हणजे सहा चॅनेल ओळीने वाचताना तो शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. त्यातली एखादी तार निसटली, तर वेगळी मुदत न दिल्यास ते प्रत्येक फेरीत पूर्ण एक सेकंद वाट पाहते. तेवढ्या वेळात भरलेली बादली घेतलेली गाडी तुळशीवृंदावनापर्यंत पोहोचते आणि मायक्रोकंट्रोलर मात्र अजून दाराशीच असतो.

यावर सभ्य उपाय म्हणजे इंटरप्ट, तारेवर बदल झाला की प्रोसेसरला क्षणभर हाक मारणारी सोय. पल्स चढताना `micros()` ची नोंद करायची, उतरताना पुन्हा करायची आणि वजाबाकी करायची. मधल्या वेळात प्रोसेसर आपल्या कामाला मोकळा. हे उत्तम चालते, आणि दोन-तीन चॅनेल पुरणार असतील तर माझ्या मते तिथेच थांबावे. मला मात्र दिवा, पंप आणि वेगाची मर्यादा हे सगळेच रिमोटवर हवे होते आणि गाडीच्या पोटात तारांचे जंगल माजले होते. म्हणून मी एसबसकडे वळलो. एकाच तारेवर सोळा चॅनेल, हे ऐकून आईनेसुद्धा समाधानाने मान हलवली, कारण त्या तारा वेळोवेळी तिच्या केरसुणीत अडकत असत.

फुटाबा कंपनीने आणलेला हा एसबस म्हणजे साधे सीरियलच आहे, फक्त तऱ्हेवाईक. वेग १,००,००० बॉड, जो नेहमीच्या यादीत सापडत नाही. सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट. आणि यावर कडी म्हणजे सिग्नल उलटा, नेहमीच्या सीरियलमध्ये जिथे व्होल्टेज वर असते तिथे इथे खाली. उलटेपणाकडे लक्ष दिले नाही तर काहीच येणार नाही अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळ काही येते, आणि तेच घातक असते. पडद्यावर बाइट धावतात, स्टिक हलवली की बदलतात, आणि माणूस आपले गणित चुकले असावे या समजुतीने रात्र घालवतो. अशा वेळी ओळखण्याची खूण एकच: दर २५ बाइटांनी `0F` ने सुरू होणारी आणि `00` ने संपणारी चौकट दिसत नसेल, तर गणिताला हात लावू नये, आधी तार पाहावी. आर्डुइनो उनोला सिग्नल उलटा करण्यासाठी बाहेर एक ट्रान्झिस्टर लावावा लागतो. ईएसपी३२ ला तो उलटेपणा अंगचाच येतो. ओळीच्या शेवटचे `true` त्याच्याचसाठी आहे:

```
Serial2.begin(100000, SERIAL_8E2, 16, 17, true);
```

चौकट दिसू लागली की पुढची गंमत सुरू होते. पहिला बाइट `0F`, त्यानंतरच्या २२ बाइटांत सोळा चॅनेल प्रत्येकी ११ बिटांत दाटीवाटीने बसवलेले, मग एक खुणांचा बाइट आणि शेवटी `00`. आता सगळे चॅनेल अगदी मध्यावर, म्हणजे ९९२ या आकड्यावर, ठेवले तर ते बावीस बाइट असे दिसतात: हे अकरा बाइट, आणि पुन्हा हेच अकरा.

```
E0 03 1F F8 C0 07 3E F0 81 0F 7C
```

शेवटून दुसरा बाइट पाहावा. तो `0F` आहे! गाडी शांत उभी असताना, कोणी स्टिकला बोटही लावलेले नसताना, संदेशाच्या पोटात सुरुवातीची खूण दोनदा येते. जो प्रोग्रॅम केवळ `0F` दिसला की "आला, नवा संदेश आला" म्हणून धावतो, तो मधूनच वाचायला लागतो आणि स्टिक मध्यावर असताना चाके झटके देतात. शेवटचा `00` तपासला की अशी बरीच तोतयेगिरी पकडली जाते. मला अधिक भरवशाची वाटते ती शांतता: एका बाइटला १२ बिट, म्हणजे १२० मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे पूर्ण संदेश ३ मिलिसेकंदांत आटोपतो आणि दर १४ मिलिसेकंदांनी येत असेल तर मध्ये ११ मिलिसेकंद कोणी बोलत नाही. एवढा वेळ शांत गेल्यानंतर आलेला `0F` खरा मानायचा. काही रिसीव्हर दर ७ मिलिसेकंदांनी बोलतात. तिथेही ४ मिलिसेकंदांची उसंत उरते.

पहिला चॅनेल काढणे त्या मानाने सोपे: `(b[1] | b[2] << 8) & 0x7FF`. इथे `b[0]` म्हणजे तो `0F`. आलेल्या आकड्यातून ९९२ वजा करायचे, ५ ने गुणून ८ ने भागायचे आणि १५०० मिळवायचे, की जुन्या ओळखीचे मायक्रोसेकंद परत मिळतात. १३१२ आले तर १७००.

एवढे झाल्यावर गाडी डौलात चालू लागली आणि मी ट्रान्समीटर बंद केला, मुद्दाम, पूर्ण वेगात, अर्थात चाके विटांवर उचलून. चाके फिरतच राहिली. रिसीव्हर "शेवटचा हुकूम कायम" या सेटिंगवर होता, त्यामुळे मालक निघून गेला तरी तो त्याच्या नावाने नेमाने संदेश पाठवत होता. आकडे निर्दोष, चौकट निर्दोष. पीडब्ल्यूएमवर हे कळण्याचा मार्ग नाही, कारण पल्सही तशाच येत राहतात. एसबसमध्ये मात्र तो खुणांचा बाइट, `b[23]`, खरे सांगतो: `0x04` म्हणजे एक संदेश हवेत हरवला, `0x08` म्हणजे संपर्कच तुटला. पहिल्याकडे अधूनमधून काणाडोळा करता येतो, दुसऱ्याला मोटरी तत्काळ बंद. शिवाय १०० मिलिसेकंद एकही धड संदेश आला नाही तरी बंद, कारण तार निसटली तर खूण तरी कोण आणून देणार?

मग मी ट्रान्समीटर पुन्हा चालू केला. स्टिक पूर्ण पुढे होती, संपर्क जुळला आणि चाकांनी विटांवरच जी उसळी घेतली ती पाहून आई पाण्याची बादली घेऊन दोन पावले मागे सरकली. तेव्हापासून एक अट घातली आहे: संपर्क तुटून जुळल्यावर स्टिक मध्यावर आल्याखेरीज मोटरींना परवानगी नाही.

परवा आई गच्चीवरून ओरडली, "अरे, तुझी गाडी बिघडली. मी केव्हाची दांडी पुढे धरून बसले आहे!"

"आई, आधी ती मध्ये आण आणि मग पुढे ने."

"म्हणजे हिला काही सांगायचं तर आधी आपण गप्प बसायचं?" आईने दांडी मध्ये आणली, पुन्हा पुढे केली आणि गाडी निघाली.