मिठावरचा कर आणि गरिबाचा रुपया

मीठ महाग झालं म्हणून कुणी अळणी जेवत नाही. तेव्हा सरकारला पैसा उभा करायचाच असेल, तर ज्या वस्तू लोक काही झालं तरी घेणारच आहेत त्यांच्यावर कर लावावा, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यात अर्थशास्त्र शिकलेलेही असतात. मला हे म्हणणं पटत नाही. पण त्यामागचा तर्क भक्कम आहे, म्हणून आधी तो नीट मांडतो.

१९२७ साली केम्ब्रिजच्या फ्रँक रॅम्सी या चोवीस वर्षांच्या गणितज्ञाने एक लेख लिहिला. प्रश्न अर्थतज्ज्ञ पिगू यांनी घातलेला होता: फक्त वस्तूंवर कर लावून ठरावीक रक्कम गोळा करायची आहे, तर कुठल्या वस्तूवर किती लावावा म्हणजे समाजाचं नुकसान कमीत कमी होईल? इथे नुकसान म्हणजे आपण भरलेला कर नव्हे. तो पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, नाहीसा होत नाही. खरं नुकसान होतं ते कर लागल्यामुळे जी खरेदी झालीच नाही तिचं. गिऱ्हाइकाला वस्तू मिळाली नाही, दुकानदाराची विक्री बुडाली आणि सरकारलाही त्यावर काही मिळालं नाही.

हे नुकसान मागणीच्या लवचिकतेच्या, म्हणजे भाव वाढल्यावर खरेदी किती घटते त्याच्या, प्रमाणात वाढतं आणि कराच्या दराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दर दुप्पट तर नुकसान चौपट. त्यामुळे सगळा भार एकट्या मिठावर टाकणंही योग्य ठरत नाही. दर लवचिकतेच्या व्यस्त प्रमाणात ठेवावेत, असं उत्तर निघतं. एका वस्तूच्या किमतीचा दुसरीच्या मागणीवर परिणाम होत नाही, हे त्यात धरलेलं असतं.

एक छोटं उदाहरण करून पाहू. दोन वस्तू, मीठ आणि बिस्किटं. दोन्हींवर एकूण खर्च १०० – १०० रुपये. मिठाची लवचिकता ०.२, बिस्किटांची १. सरकारला साधारण २० रुपये हवेत. दोन्हींवर सरसकट १० टक्के लावले तर बुडालेल्या खरेदीचं नुकसान मिठात १० पैसे आणि बिस्किटांत ५० पैसे, एकूण ६० पैसे. आता नियमाप्रमाणे मिठावर बिस्किटांच्या पाचपट दर लावू, म्हणजे सुमारे १६.७ टक्के आणि ३.३ टक्के. जमा तेवढीच, पण नुकसान ६० पैशांवरून ३३ पैशांवर येतं. २७ पैसे वाचले. रॅम्सीचं गणित इथपर्यंत निर्दोष आहे.

आता याच बाजारात दोन घरं बघा. दोन्ही घरांत मीठ ५० – ५० रुपयांचंच लागतं, कारण श्रीमंत माणूस काही दुप्पट मीठ खात नाही. बिस्किटांवर मात्र गरीब घर १० रुपये खर्च करतं आणि श्रीमंत घर ९०. सरसकट १० टक्क्यांत गरीब घर ६ रुपये कर भरत होतं, श्रीमंत घर १४. नियम लावल्यावर गरीब घराचा कर ८ रुपये ६७ पैसे होतो आणि श्रीमंताचा ११ रुपये ३३ पैशांवर उतरतो. म्हणजे २७ पैसे वाचवण्यासाठी आपण २ रुपये ६७ पैशांचं ओझं श्रीमंत घरावरून उचलून गरीब घरावर ठेवलं. गरीब घरातला एक रुपया श्रीमंत घरातल्या रुपयापेक्षा दहा टक्क्यांनी जरी जास्त मोलाचा मानला, तरी हा व्यवहार तोट्याचा ठरतो. फक्त दहा टक्के! पोटाला चिमटा घेणारा रुपया आणि हॉटेलात टिप म्हणून जाणारा रुपया यांत फरक दहा टक्क्यांपेक्षा कमी आहे, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

रॅम्सीवर माझा राग नाही. वेगवेगळ्या माणसांना पैशाचं मोल वेगवेगळं असतं, हा प्रश्न आपण बाजूला ठेवतो आहोत, असं त्याने स्वतःच लेखात स्पष्ट लिहिलं आहे. नियम पाठ करणारे ते वाक्य गाळतात. १९७० च्या दशकात डायमंड आणि मिर्लीस या अर्थतज्ज्ञांच्या कामातून हा प्रश्न सूत्राच्या आत आला: वस्तूची लवचिकता बघा, आणि ती कोण किती घेतं हेही बघा. अलवचिक वस्तू बहुतेक वेळा गरजेच्याच असतात, त्यामुळे ही दोन कारणं एकमेकांना उलट दिशेने ओढतात.

आपल्याकडे हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. इंग्रज सरकारने १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. मीठ तयार करायला लागणारा खर्च त्यापुढे किरकोळ होता. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी हा कर कमी करा म्हणून आग्रह धरला, आणि माणशी मिठाचा खप घटतो आहे हे आकड्यांनिशी मांडलं. पुढे १९०३ मध्ये कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक रुपया. आणि खप वाढला.

म्हणजे अळणी कुणी जेवत नाही, हे गृहीतकच कच्चं होतं. सरासरी लवचिकता कमी असली तरी गरिबाची तेवढीच कमी असेल असं नाही. शिवाय मीठ फक्त ताटात लागत नाही, गुरांना लागतं, मासे खारवायला लागतं. मद्रास इलाख्याच्या किनाऱ्यावर तर मासे खारवण्यासाठी सरकारला वेगळी आवारं काढून तिथे बिनकराचं मीठ द्यावं लागलं. वसुलीचा खर्च सूत्रात येत नाही, तो आणखी वेगळा. मिठाची चोरटी आवक रोखण्यासाठी १८६९ मध्ये सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे ३,७०० किलोमीटरची जकातीची सीमा होती आणि तिच्यावर जवळजवळ बारा हजार माणसं पहाऱ्याला होती.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. कर कार्यक्षमतेने गोळा करा आणि गरिबाची भरपाई दुसऱ्या वाटेने करा. तत्त्वतः मला ते मान्य आहे. ॲटकिन्सन आणि स्टिग्लिट्झ या अर्थतज्ज्ञांनी १९७६ मध्ये दाखवलं की उत्पन्नावरचा कर हवा तसा आखता आला, तर काही अटींखाली वस्तूंवर वेगवेगळे दर लावायची गरजच उरत नाही. पण मग ती भरपाई खरोखर व्हायला हवी. वरच्या उदाहरणात गरीब घराच्या हातात वेगळे पावणेतीन रुपये पडायला हवेत. ते पडले नाहीत, तर कार्यक्षमता श्रीमंताच्या वाट्याला आली आणि तिची किंमत गरिबाने मोजली, एवढंच झालं.

पेट्रोलचं गणित थोडं वेगळं आहे. मागणी अलवचिक, पण ज्याच्याकडे गाडी मोठी त्याचा खर्चही मोठा, म्हणून तिथला जास्त कर मला तितका टोचत नाही. डिझेल मात्र ट्रकमधून भाजीपाल्याच्या भावात उतरतं. पाकीटबंद पीठ-तांदळावर जुलै २०२२ मध्ये ५ टक्के जीएसटी लागला तेव्हाही मला हाच प्रश्न पडला होता: या वस्तूंवर खालच्या घरांच्या खर्चाचा किती वाटा जातो, हे निर्णयाबरोबर का छापलं नाही? घरगुती खर्चाची सरकारी पाहणी गटवार आकडे देते. जीएसटी परिषदेने प्रत्येक दरबदलाबरोबर अपेक्षित महसुलाच्या शेजारी आणखी एक रकाना द्यावा: तळच्या वीस टक्के घरांवर किती भार, वरच्या वीस टक्क्यांवर किती.