पट्टीचं नोटिफिकेशन: एका कॉलने भागत नाही

«नोटिफिकेशन म्हणजे एफसीएमला, गूगलच्या नोटिफिकेशन सेवेला, एक कॉल. 200 आला की काम झालं. त्यासाठी दोन पर्याय तोलणारं डिझाइन डॉक्युमेंट कशाला? लोड वाढला तर रांग लावू.»

कॉल एकच, पण तो कुठे ठेवायचा? लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी आम्ही सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, सेव्ह झाली की शेतकऱ्याला कळवणार होतो. पहिला पर्याय, सेव्हच्या रिक्वेस्टमध्येच कॉल. तो कमिटच्या आधी ठेवला आणि कमिट फसलं, तर जी पट्टी वहीत नाहीच तिची रक्कम शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिसते. कमिटनंतर ठेवला आणि मधेच सर्व्हर बंद पडला, तर निरोप जात नाही, आणि जायचा राहिला याची नोंदही कुठे उरत नाही. तिसरा प्रकार आम्ही स्वतः पाहिला. कॉल अडकला, स्क्रीन फिरत राहिली, मुनीमजींनी पुन्हा सेव्ह दाबलं आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या झाल्या.

दुसरा पर्याय असा, की पट्टी आणि निरोप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचे:

```sql
BEGIN;
INSERT INTO patti (id, shetkari_id, rakkam)
  VALUES (4127, 88, 61200);
INSERT INTO outbox (patti_id) VALUES (4127);
COMMIT;
```

दोन्ही ओळी पडतात, नाहीतर एकही नाही. वेगळा वर्कर दर 5 सेकंदांनी न गेलेल्या ओळी उचलतो, पाठवतो, खूण करतो. मुनीमजींना एफसीएमची वाट पाहावी लागत नाही.

हे फुकट मिळत नाही. निरोप गेल्यावर, खूण करण्याआधी वर्कर पडला, तर तोच निरोप पुन्हा जातो. म्हणून अँड्रॉइडच्या `tag` मध्ये पट्टी क्रमांक घातला; पहिली सूचना फोनवर अजून दिसत असेल तर दुसरी तिचीच जागा घेते. शेतकऱ्याने ती आधीच पुसली असेल तर मात्र पुन्हा दिसते. तेवढं आम्ही चालवून घेतलं.

200 चा अर्थ एफसीएमने निरोप घेतला, एवढाच. फोन बंद असेल तर तो थांबून राहतो, आणि मुदत दिली नसेल तर 4 आठवड्यांनी टाकून दिला जातो. अँड्रॉइड 13 पासून शेतकऱ्याने परवानगी दिली नसेल तर सूचना दिसतच नाही. म्हणून रक्कम ॲपमधल्या पट्टीच्या पानावरही असलीच पाहिजे.

राहिला लोड. इथे आउटबॉक्सची रांग लोडसाठी नाहीच. दिवसाला 50 पट्ट्या असल्या तरी वरची तिन्ही भगदाडं तेवढीच मोठी. आणि नंतर रांग लावली तरी आधी हुकलेले निरोप तिच्यात येणार कुठून?

«आजचा भाव» या सूचनेसाठी मात्र डॉक्युमेंटमध्ये आम्ही थेट कॉलच ठेवला. ती हुकली तर उद्या नवा भाव येतोच. पट्टीसाठी आउटबॉक्स, आणि सर्वांत जुनी न गेलेली ओळ 5 मिनिटांपेक्षा जुनी झाली की आमच्या फोनवर अलार्म.